शब्द पहिल्यांदा कोणी ऐकला?

अमेरिकेतली स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी ही स्पर्धा पाहताना नवख्या माणसाला एक गोष्ट खटकते. शब्द उच्चारला जातो आणि मुलगा लगेच स्पेलिंग सांगायच्या ऐवजी उलट प्रश्नच विचारत सुटतो. अर्थ काय? नाम की विशेषण? वाक्यात वापरून दाखवा. मूळ भाषा कोणती? पाहणाऱ्याला वाटतं, पोर वेळ काढतंय. कधीकधी काढतही असेल. पण शेवटचा तो मूळ भाषेचा प्रश्न वेळकाढूपणाचा नाही. खरं काम तिथेच होतं.

माझी भाची सई फोंड्याला नववीत आहे आणि सध्या तिच्या डोक्यात हे वेड शिरलं आहे. मी पणजीच्या एका मराठी दैनिकात बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरलं. त्यामुळे घरात स्पेलिंगच्या सरावाला बसायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इंग्रजी माझं बेताचंच, पण शब्दकोशातली मूळ सांगणारी कंसातली बारीक अक्षरं वाचायची सवय जुनी. सराव करताना लक्षात आलं की ही पोरं करतात ते आणि आम्ही टेबलावर करायचो ते, यांत फारसा फरक नाही.

2023 सालचा विजयी शब्द घ्या. देव शाह नावाच्या मुलासमोर तो आला. उच्चार साधारण ‘सॅमफाइल’, त्यातलं मधलं ‘म’ अगदी गिळलेलं. अर्थ : वाळूत किंवा रेताड जमिनीत वाढणारा जीव. आपल्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवरून पसरलेली, जांभळट फुलांची मर्यादवेल असते ना, ती या जातीतली. आता नुसत्या कानावर विसंबून हा शब्द लिहायचा झाला तर काय काय शक्य आहे? सुरुवातीचा स साधा एस असू शकतो किंवा पी-एस, ज्यातला पी मुका. म एक किंवा दोन. त्यानंतरचा तो गिळलेला स्वर पाच स्वरांपैकी कुठलाही. फ म्हणजे एफ किंवा पी-एच. शेवटचा ‘आइ’ आय किंवा वाय. दोन गुणिले दोन गुणिले पाच गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ऐंशी स्पेलिंगं, आणि सगळी एकाच उच्चाराची.

मग मुलगा विचारतो, मूळ भाषा? उत्तर येतं, ग्रीक. लगेच एफ बाद, पी-एच पक्का. ऐंशीचे चाळीस झाले. त्या गिळलेल्या स्वराचंही काम होतं, कारण ग्रीक शब्द जोडताना मधला सांधा बहुतेक वेळा ओ असतो, आणि लॅटिन जोडताना आय. थर्मोमीटर ग्रीक, म्हणून मध्ये ओ. कार्निव्होर लॅटिन, म्हणून मध्ये आय. अमेरिकन तोंडात हे सांधे इतके झिजतात की कानाला फरक कळतोच असं नाही. मूळ मात्र तो फरक सांगतं. पाचातला एक स्वर उरला, आता आठ स्पेलिंगं शिल्लक.

पुढचा प्रश्न नेमका असावा लागतो. ‘यात कुठलं मूळ आहे?’ असं मोघम विचारता येत नाही. मूळ कोणतं, कोणत्या भाषेतलं आणि अर्थ काय, हे तिन्ही स्पर्धकानंच सांगायचं आणि उच्चारकानं फक्त दुजोरा द्यायचा किंवा नाही. देव शाहनं विचारलं की यात वाळू या अर्थाचं ग्रीक ‘सॅमो’ आहे का, आणि प्रेम या अर्थाचं ‘फाइल’ आहे का. दोन्हींना होकार मिळाला. ‘फाइल’ पक्कं झालं तसा शेवटचा वाय गेला, राहिली चार. आणि वाळू म्हणजे ग्रीकात ‘प्साम्मोस’, हे ज्याला माहीत आहे त्याला मुका पी आणि दोन एम एकदमच मिळतात. पी-एस-ए-एम-एम-ओ-पी-एच-आय-एल-ई. आयोजकांनी होकार दिला म्हणजे स्पेलिंग सांगितलं असं नव्हे. मुलाला मूळ आधीच येत होतं. या शब्दात तेच मूळ आहे, दुसरं सारखं ऐकू येणारं नाही, एवढीच खात्री त्याला हवी होती.

अर्थही सांगायला लावतात त्याला कारण आहे. ‘फिल’ असा उच्चार असलेली दोन ग्रीक मुळं आहेत. फिलॉसॉफीतलं ‘फिल’ प्रेमाचं, ते पी-एच-आय-एल. क्लोरोफिलमधलं ‘फिल’ पानाचं, ते पी-एच-वाय-एल-एल. भाषा एक, आवाज एक, निवाडा करतो तो फक्त अर्थ. सईला हे कळल्यापासून तिनं वहीत मुळांसमोर अर्थ मोठ्या अक्षरात आणि स्पेलिंग बारीक लिहायला सुरुवात केली आहे.

आता सगळ्यांना पाठ असलेला नियम : ग्रीक म्हटलं की फ साठी पी-एच, क साठी सी-एच. कोचिंगवाले हा नियम असाच घोकून घेतात. असं का, हे कोणी सांगत नाही. गंमत म्हणजे मराठी पोराला ते इंग्रज पोरापेक्षा लवकर कळतं, कारण त्याची बाराखडी त्याला आधीच मदत करते. प्राचीन ग्रीकमध्ये तीन महाप्राण होते : ख, थ आणि फ. आपल्या फळातला फ असतो ना, दोन्ही ओठ मिटून सुटणारा, अगदी तसा त्यांचा फ होता. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये हे आवाज नव्हते. ग्रीक शब्द लिहून घेताना त्यांनी सरळ क, त, प या अक्षरांपुढे ह जोडला. सी-एच म्हणजे ख, टी-एच म्हणजे थ, पी-एच म्हणजे फ. पुढे शतकांच्या ओघात उच्चार बदलत गेले, फ चा दंत्योष्ठ्य झाला, ख चा इंग्रजीत क झाला, पण लिहिलेलं तसंच राहिलं. स्कूलमधला एच उगाच पडलेला नाही. ग्रीक ‘स्खोले’मधला ख ऐकून रोमन माणसानं तो लिहिला.

म्हणजे मूळ भाषा विचारणारा मुलगा खरं तर वेगळंच काहीतरी विचारत असतो. हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या कानानं ऐकला आणि कोणाच्या हातानं लिहिला? शब्दाचा जन्म कुठे झाला याला स्पेलिंगच्या दृष्टीनं तेवढं महत्त्व नाही. लिहून घेणारा कोण, त्याला आहे.

गोव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही, रस्त्यावरच्या पाट्या पुरेत. फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमधून सईला मी हेच दाखवलं. फोंडा, रोमन पाटीवर पी-ओ-एन-डी-ए. एच कुठे गेला? पुढे खोर्ली लागते, पाटीवर सी-ओ-आर-एल-आय-एम. इथेही ख चा ह गायब. आणि बारदेसातली थिवी, टी-आय-व्ही-आय-एम. ख, थ, फ, नेमके तेच तीन महाप्राण! रोमन माणसानं ग्रीक ऐकून ह लिहिला, आणि त्याच्याच भाषेच्या लेकीनं, पोर्तुगीजनं, आमची गावं ऐकून ह टाकून दिला. पोर्तुगीज कानाला महाप्राण ऐकूच येत नव्हता. म्हापशाचा ह सुद्धा असाच गेला.

“मग एम कुठून आला? आपण कुठे थिवीम म्हणतो?” सई म्हणाली.

तो एम ओठ मिटून म्हणायचा नाहीच. कोंकणीत गावाच्या नावाच्या शेवटी स्वर नाकात जातो, थिवीं, केपें, आणि पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा एम म्हणजे आधीचा स्वर नाकात काढा अशी खूण. म्हणजे लिहिणाऱ्यानं अनुस्वार बरोबर ऐकला आणि आपल्या पद्धतीनं बरोबर लिहिला. बाहेरून येणारा माणूस इंग्रजीच्या सवयीनं वाचतो आणि ‘क्वेपेम’ म्हणतो, त्याला लिहिणारा काय करणार? त्याच केप्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला क्यू-यू आहे आणि काणकोणात मात्र सी. कारण पोर्तुगीजमध्ये सी पुढे ए आला की क, पण ई आला की स. केपें वाचताना ‘सेपें’ होऊ नये म्हणून क्यू-यू. फ्रेंचची हीच रीत आहे, आणि म्हणून स्पर्धेत फ्रेंच शब्दाच्या शेवटी क ऐकू आला की मुलं के लिहीत नाहीत, क्यू-यू-ई लिहितात. अँटीक, बुटीक.

श चंही असंच. इंग्रज कान श ऐकला की एस-एच लिहितो. फ्रेंच सी-एच लिहितो, म्हणून शेफ सी-एचनं. जर्मन एस-सी-एच लिहितो. आणि पोर्तुगीज एक्स, म्हणून आमचं शेल्डें एक्सनं सुरू होतं. सईच्या वर्गातल्या मुंबईहून आलेल्या मुलीला तो एक्स विचित्र वाटतो. सईला वाटत नाही. मला हा तिचा खरा फायदा वाटतो, महागड्या शब्दयाद्यांपेक्षा मोठा.

थिवीची आणखी एक मजा आहे. रस्त्याच्या पाटीवर एच नाही, पण कोकण रेल्वेच्या स्टेशनच्या पाटीवर टी-एच आहे. गाव एकच. एक पाटी पोर्तुगीज कानाची, दुसरी आजच्या भारतीय कानाची. आणि शेवटचा एम दोन्हींवर आहे, म्हणजे रेल्वेवाल्यानं सुरुवात आपल्या कानानं केली आणि शेवट जुन्या पाटीवरून उतरवला!

माझ्या धंद्यात मूळ विचारल्याशिवाय चालतच नसे. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ : वकील, गरीब, जमीन, फूल. पण शब्द तत्सम असेल तर संस्कृतात होता तसा : मंदिर, गुण, सुख, तरुण. म्हणायला गेलं तर ‘गुण’ आणि ‘ऊन’ यांच्या उकारात फारसा फरक होत नाही. मग कशावरून ठरवायचं? शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला का, यावरून. नवीन उमेदवार पोटफोड्या ष कुठे लिहायचा म्हणून विचारायचे. त्यांना एकच सांगत असे, अरबी-फारसी-इंग्रजी शब्दाच्या वाटेला तो ष जात नाही. शहर, नकाशा, स्टेशन, सगळीकडे शहामृगाचा श. भाषा, विषय, दोष हे संस्कृताचे. 1962 साली नियम छापील झाले खरे, पण त्यांतला निम्मा भार मूळ ओळखण्यावरच आहे.

आता ही किल्ली कुठे अडकते ते. ग्रीक म्हटल्यावर पी-एच, हे ठीक. पण फँटसी? मूळ ग्रीक ‘फान्तासिया’, लॅटिनमध्ये पी-एच, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथल्या कानानं तो साध्या एफनं लिहिला. इंग्रजीत आला तो एफ घेऊनच. त्याच घराण्यातला फँटम त्याच वाटेनं, एफनंच आला होता, पण पुढे पंडितांनी त्याला मूळची ग्रीक वस्त्रं चढवून पी-एच करून टाकलं. दोघांचा प्रवास सारखा, स्पेलिंग वेगळं. इथे मूळ विचारून काही हाती लागत नाही. शब्द पाठ असावा लागतो.

याहून खट्याळ प्रकार म्हणजे खोटं मूळ. स्टाइल हा शब्द लॅटिन ‘स्तिलुस’वरून, म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. लॅटिन म्हणजे आय हवा. पण कोणाला तरी वाटलं की हा ग्रीक ‘स्तुलोस’, म्हणजे खांब, याच्याशी संबंधित असणार, आणि आयचा वाय झाला. ग्रीक नसलेल्या शब्दाला ग्रीक वाय. प्रामाणिकपणे मूळ विचारणारा मुलगा इथे फसतो. लिहिणाऱ्याचीच चूक शब्दकोशात जाऊन बसली, आता तीच बरोबर.

आणि ज्या भाषेची लिपी रोमन नाही, तिथे मूळ कळून फारच थोडं हाती लागतं. अरविंद महंकाली या मुलाला 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मन मुळाच्या शब्दांनी तिसऱ्या जागेवर थांबवलं होतं. त्यानं जर्मनवर मेहनत घेतली आणि 2013 साली जिंकला. विजयी शब्द होता ‘कनेडल’, ज्यू स्वयंपाकघरातला पिठाचा गोळा, जर्मन घराण्यातल्या यिडिश भाषेतून आलेला. सुरुवातीला के-एन, हे जर्मन वळण. पण पुढच्या ‘ए’ साठी त्यानं ए-आय सांगितलं, शब्दकोशात तसंच आहे म्हणून. यिडिश लिहितात हिब्रू लिपीत, आणि ती रोमनमध्ये आणायची जी अभ्यासकांची पद्धत आहे, तिच्यात तिथे ई-वाय येतं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यावर वाद झाला. मुलगा स्पर्धेच्या नियमानं बरोबर होता, कारण तिथे अंतिम शब्द मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या कोशाचा.

आपल्या शब्दांचं हेच. उच्चारकानं ‘मूळ भाषा हिंदी’ किंवा ‘संस्कृत’ म्हटलं की भारतीय वंशाची मुलं खूश होतील असं आपल्याला वाटतं. पण आपल्या अ चं काय करायचं? पंडित, चटणी, जंगल, ठग : या सगळ्यांच्या इंग्रजी रूपात अ च्या जागी यू आहे. धर्म, मंत्र, कर्म, चक्र : इथे मात्र ए. अ तोच. फरक ऐकणाऱ्यात आहे. कंपनीच्या काळातला व्यापारी किंवा शिपाई आपला अ ऐकून त्याच्या ‘कप’मधला स्वर समजायचा आणि यू लिहायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विद्वानांनी अ साठी ए ही शिस्त लावली, आणि धर्म-तत्त्वज्ञानाचे शब्द बहुतेक ग्रंथांतून, या दुसऱ्या वाटेनं आले. शब्द इंग्रजीत कधी आला हे स्पर्धेत विचारता येत नाही. म्हणून मी सईला माझा एक ठोकताळा दिला आहे : अर्थ विचार. बाजार, छावणी, स्वयंपाकघर, जंगल असं काही निघालं तर यू. देव, योग, मोक्ष निघालं तर ए. शंभर टक्के खरा नाही, पण नाणं उडवण्यापेक्षा बरा.

सगळ्यात कठीण मात्र माणसांच्या नावांवरून आलेले शब्द. तिथे मुळात अर्थच नसतो. 2025 च्या अंतिम फेरीत फैजान झाकी या मुलाला ‘कॉमलायना’ शब्द आला. शब्द त्याला येत होता. त्या भरात त्यानं एकही प्रश्न न विचारता सुरुवात केली, के, ए, एम, आणि थबकला. नियम असा की पुन्हा पहिल्यापासून म्हणता येतं, पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. के गेला तो गेला. त्यानं स्वतःच चुकल्याची घंटा वाजवायला सांगितली. नुसतं ‘अर्थ काय’ विचारलं असतं तर वनस्पतींची प्रजाती हे कळलं असतं, प्रजातीचं नाव म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हटल्यावर के जवळपास बाद. पुढे दुसऱ्या शब्दावर तोच जिंकला, ते वेगळं.

ही प्रजाती सईनं खाल्लेली आहे. पावसाळ्यात कुंपणाशी, परसात आपोआप उगवतो तो केना, ज्याची भाजी करतात, भजीही करतात. निळं इवलंसं फूल, दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी इतकी फिकी की शोधावी लागते. तिला डच कॉमेलिन घराण्याचं नाव मिळालं. त्यांतले दोघे, यान आणि त्याचा पुतण्या कास्पार, नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि तिसरा काही करून दाखवायच्या आधीच गेला, म्हणून म्हणे तीन पाकळ्यांचं हे फूल. दोन एम कुठून आले याला ग्रीक-लॅटिन काही उत्तर देत नाही. ते घराणंच आपलं नाव दोन एमनं लिहायचं.

यान कॉमेलिनचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला, त्यातल्या काही खंडांवर त्याचं भाष्य आहे. तो ग्रंथ घडवायला कोचीनमध्ये इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, आपु भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते, ज्यांच्या समाजाचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेले. त्या तिघांचं नागरीत लिहिलेलं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत कोरलेली आहेत. सईला मी ती पानं कॉम्प्युटरवर दाखवली. तिनं नागरी नाव वाचलं, मग शेजारचं रोमन वाचलं, आणि विचारलं, “हे ऐकून कोणी लिहिलं, डच की पोर्तुगीज?”